जे, जी आणि जगताप

ग्रेनोबल शहरात भाड्याने घरे मिळवून देणारी एक एजन्सी आहे असे समजू. महाराष्ट्रातून तिथे नुकतीच शिकायला आलेली एक मुलगी तिथे फोन करते. तिचे आडनाव जगताप. पलीकडच्या बाई आडनाव विचारतात. मुलगी लहानपणापासूनच्या सवयीने एकेक अक्षर सुटे करून सांगते : जे, ए, जी, टी, ए, पी. बाई ऐकलेले टाइप करतात आणि पडद्यावर नाव उमटते, GEJTEP. मुलीला ते दिसत नाही. बाईंनाही शंका येत नाही, कारण परक्या देशातले आडनाव कसेही असू शकते. दोन दिवसांनी मुलगी पुन्हा फोन करून विचारते, तेव्हा JAGTAP नावाची नोंदच सापडत नाही.

इथे दोघींपैकी कुणीही चुकीचे बोललेले नाही. रोमन अक्षरांची नावे आपण इंग्रजीतून शिकलो आणि फ्रेंच माणूस त्याच अक्षरांना दुसऱ्या नावांनी ओळखतो, एवढेच कारण आहे. फ्रेंचमध्ये G ला ‘जे’ म्हणतात आणि J ला ‘जी’. म्हणजे इंग्रजीच्या बरोबर उलट. इंग्रजीतला ‘ए’ फ्रेंच कानाला E वाटतो आणि इंग्रजीतली ‘ई’ सरळ I म्हणून लिहिली जाते. जगताप या एका आडनावात J आहे, G आहे आणि दोनदा A आहे, म्हणजे सहापैकी चार अक्षरे घसरण्याच्या जागी बसलेली आहेत.

मी पुण्यात फ्रेंच शिकवते. माझ्या वर्गातून फ्रान्सला गेलेली मुले तिथून जे कळवतात, त्यात फोनच्या तक्रारी सर्वांत जास्त असतात. दुकानात, बँकेत, विद्यापीठाच्या कार्यालयात त्यांचे निभते. समोरच्याचा चेहरा दिसतो, बोट दाखवता येते, कागदावर लिहून देता येते. फोनवर यातले काहीच नसते. आणि तिथेसुद्धा व्याकरणाने कुणाचे काम अडल्याचे मी फारसे ऐकलेले नाही. क्रियापद चुकले तरी समोरचा अर्थ लावून घेतो. काम अडते ते नाव, नंबर आणि वेळ या तीन ठिकाणी, कारण त्यांचा अर्थ अंदाजाने लावता येत नाही. म्हणून ग्रेनोबलचा तो फोन पहिल्यापासून, नीट लावून पाहू.

पहिली गोष्ट वेळेची. लहान कार्यालये, दवाखाने आणि एजन्सी दुपारी बारा ते दोन बऱ्याचदा बंद असतात, त्या वेळात फोन केला तर यंत्रच बोलते. सकाळी दहाच्या सुमाराला करावा. भारतातून करायचा असेल तर फ्रान्सचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. शिवाय फ्रान्सचा 33 हा क्रमांक लावला की त्यांच्या नंबरातला सुरुवातीचा शून्य गाळायचा. तो ठेवला तर फोन लागतच नाही.

फोन लागतो. घरचा किंवा खासगी मोबाइल असेल तर पलीकडून ‘आलो?’ ऐकू येते. कार्यालय असेल तर आधी संस्थेचे नाव आणि मग ‘बोंजूर’. आपण लगेच कामाला हात घालायचा नाही. आधी ‘बोंजूर मादाम’ किंवा ‘बोंजूर मस्यो’. आपल्याकडे ‘हॅलो, तो फ्लॅट अजून आहे का?’ असे विचारले तर कुणाला काही वाटत नाही. फ्रान्समध्ये बोंजूरशिवाय प्रश्न विचारला तर बोलणे तिथेच कोरडे होते, आणि पुढची सगळी मदत त्या एका शब्दावर अवलंबून असते असे तिथे राहिलेली मुले एकमुखाने सांगतात. संध्याकाळी त्याच जागी ‘बोंसुआर’ येते. बोलणे सबंध ‘वू’ने, म्हणजे आदरार्थी. बाई तरुण वाटल्या तरी ‘मादाम’च म्हणावे. अविवाहितेसाठीचे ‘मादमोआझेल’ 2012 साली सरकारी फॉर्मांतून काढून टाकले गेले आहे.

मग आपले काम. ‘ज वूद्रे पार्ले आ मस्यो मार्तॅं, सिल वू प्ले.’ मला श्री. मार्तॅं यांच्याशी बोलायचे होते, कृपया. इथे ‘वूद्रे’ हे नम्र रूप आहे. त्याऐवजी ‘ज व’ म्हटले तर ‘मला पाहिजे’ असा हुकूम होतो. यावर ठरलेला प्रश्न येतो : ‘से द ला पार द की?’ कुणाकडून फोन आहे? नवख्या माणसाला या वाक्यातला एकही शब्द ओळखीचा वाटत नाही, म्हणून तो अख्खा पाठ असलेला बरा. उत्तर म्हणून फक्त नाव सांगायचे.

आणि इथे आपली एक वेगळी गल्लत होते. फ्रेंचमध्ये नुसते ‘नों’, म्हणजे नाव, विचारले तर ते आडनाव असते. पहिल्या नावाला ‘प्रेनों’ म्हणतात. आपण मराठी माणसे नाव विचारल्यावर आधी पहिले नाव सांगतो, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, मग आडनाव. तिकडची बाई पहिला शब्द आडनावाच्या रकान्यात टाकते आणि फाइल भलत्याच अक्षराखाली जाते. ‘वोत्र नों?’ असे ऐकू आले की जगताप म्हणायचे आणि थांबायचे. पहिले नाव ती स्वतः विचारेल.

आता खरा भाग. बाई म्हणतात, ‘वू पुवे एप्ले, सिल वू प्ले?’ अक्षरे सुटी करून सांगाल का? किंवा ‘कोमॉं सा सेक्री?’, हे लिहितात कसे? भारतीय आडनावाला हा प्रश्न येणारच, कारण फ्रेंच कान आणि इंग्रजी वळणाचे स्पेलिंग यांची सांगड बसत नाही. जोशी ऐकून फ्रेंच माणूस शेवटी chi लिहील, कारण त्याच्या भाषेत ‘श’ हा ch असा लिहितात. उलट चव्हाण हे आडनाव लिहिलेले पाहून तो ‘शावॉं’ वाचील. देशपांडे वाचताना शेवटचा e त्याच्या दृष्टीने मुका असतो, म्हणून ते ‘देशपॉंद’सारखे होते.

फ्रेंच अक्षरांची नावे मराठी माणसाला खरे तर सोपी जावीत, फक्त इंग्रजी बाजूला ठेवता आली पाहिजे. A म्हणजे आ. I म्हणजे ई. O म्हणजे ओ. आपण मराठी शब्द रोमन लिपीत टाइप करताना या अक्षरांचे जे उच्चार मनात धरतो, तेच. B बे, D दे, P पे, T ते. इथे मराठी जीभ इंग्रजी जिभेपेक्षा जवळची आहे, कारण फ्रेंच त आणि द दातांवरच येतात, आपल्यासारखे. ‘टे’ आणि ‘डे’ म्हणायची गरज नाही. K का, H आश, R एर, W दुब्ल वे, Y इग्रेक, Z झेद. E चे नाव ओठ गोल करून म्हटलेल्या ‘अ’सारखे आहे. U साठी ओठ ‘ऊ’चे ठेवायचे आणि आत ‘ई’ म्हणायची. उरले G आणि J. दोन्हींचा पहिला ध्वनी आपल्या ‘ज’पेक्षा मऊ आहे. ‘श’ म्हणता म्हणता घशातून आवाज काढला की तो साधतो. G जे, J जी. मी वर्गात आधी A, E, I, G, J ही पाचच अक्षरे घोटून घेते, कारण बाकीची चुकली तर समोरच्याला निदान कळते की काहीतरी चुकले आहे. ही पाच चुकली तर त्याला दुसरेच अक्षर स्वच्छ ऐकू येते आणि तो निःशंक मनाने लिहितो.

तर जगताप : जी, आ, जे, ते, आ, पे.

एवढे बरोबर म्हटले तरी काम झाले असे समजू नये. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3,400 हर्ट्झ एवढाच आवाज पलीकडे जातो. ‘स’ आणि ‘फ’ यांना वेगळे करणारी सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून एस आणि एफ सारखे वाटतात. फ्रेंचमध्ये बे, से, दे, जे, पे, ते, वे या सगळ्यांचा शेवट एकच आहे. सुरुवातीचा क्षणभराचा स्फोट लाइनवर हरवला की उरतो तो नुसता ‘ए’. एम आणि एन यांचेही तेच. नव्या मोबाइल जाळ्यांवर आवाजाचा पट्टा रुंद, सुमारे 7,000 हर्ट्झपर्यंत असतो, पण कार्यालयातला जुना फोन, स्पीकर किंवा रस्त्यावरची गर्दी यांपैकी एखादी गोष्ट मध्ये आली की तो फायदा जातो.

यावरचा उपाय फ्रेंच लोकांनी पोस्ट, तार आणि टेलिफोन एकाच खात्यात होते त्या काळापासून हाताशी ठेवला आहे. अक्षराला एखाद्या नावाची जोड द्यायची. ‘आ कॉम आनातोल’, आनातोलमधला आ. पुढे बेर्त, सेलेस्तॅं, देझिरे, अजेन अशी ती जुनी यादी जाते. G साठी गास्तों, J साठी जोझेफ, P साठी पिएर, T साठी तेरेझ. बहुतेक नावे आजीआजोबांच्या पिढीची आहेत. K साठी फ्रेंच नाव मिळणे कठीण, म्हणून तिथे क्लेबेर हा क्रांतिकाळातला सेनापती आला. Q साठी माणूसच सापडला नसावा, तिथे कॅंताल, म्हणजे शंभर किलोचे वजन. आज ही सगळी यादी फार थोड्यांना पाठ असते. लोक आपल्या ओळखीचे कुठलेही नाव घेतात, ‘एम कॉम मारी’, ‘एन कॉम निकोला’, आणि ते पूर्ण चालते. अट एकच, नाव फ्रेंच माणसाने क्षणात ओळखावे. ‘जी कॉम जयंत’ म्हणून उपयोग नाही, तिथे आणखी एक अडलेले नाव तयार होते.

म्हणून मुलीने म्हणावे : ‘जी कॉम जोझेफ, आ, जे कॉम गास्तों, ते कॉम तेरेझ, आ, पे कॉम पिएर.’ दोन्ही आ एकटे सोडले तरी चालतात, त्यांचा गोंधळ कशाशी होत नाही. प्रत्येक अक्षराला नाव जोडत बसलो तर ऐकणारा कंटाळतो आणि नेमके जोडलेले नावच टाइप करू लागतो. जोड द्यावी ती धोक्याच्या अक्षरांना. एकच अक्षर लागोपाठ दोनदा आले तर ‘द’ म्हणजे दोन हा आकडा आधी लावतात. पाटील हे आडनाव कुणी Patill असे लिहीत असेल तर शेवटी ‘दझेल’ येते, ‘एल, एल’ असे येत नाही. देशपांडेंना शेवटच्या e वर चिन्ह आहे का असे विचारतील, त्याचे उत्तर ‘सॉंझाक्सॉं’, चिन्हाविना.

ई-मेलचा पत्ता सांगायचा असेल तर आणखी थोडे शब्द लागतात. @ ला ‘आरोबाझ’, टिंबाला ‘प्वॅं’. आडव्या रेघेला ‘तिरे’ म्हणतात. पण रेघा दोन असतात, म्हणून फ्रेंच लोक कीबोर्डकडे बोट दाखवतात : ‘तिरे द्यू सिस’ म्हणजे सहाच्या कळीवरची साधी रेघ, ‘तिरे द्यू उइत’ म्हणजे आठच्या कळीवरची खालची. त्यांच्या कीबोर्डची मांडणी आपल्यापेक्षा निराळी असल्यामुळे आपल्या कळा पाहून हे समजणार नाही.

सांगून झाल्यावर बाई नाव परत वाचून दाखवतील. नाही दाखवले तर आपण मागावे : ‘वू पुवे रेपेते, सिल वू प्ले?’ पुन्हा म्हणाल का? या वाक्याला मुले उगाच घाबरतात. आपले कच्चे फ्रेंच उघडे पडेल म्हणून न समजताही ‘वुई, वुई’ म्हणत राहतात. मला हे फार टोचते, कारण फोनवर पुन्हा विचारणे ही फ्रेंच माणसाचीही रोजची गोष्ट आहे. नुसते ‘पार्दों?’ म्हटले तरी पुरते. मात्र काय अडले ते नेमके सांगता आले तर उत्तर चांगले मिळते. आवाज तुटत असेल तर ‘सा कूप’. आवाज अस्पष्ट असेल तर ‘ज वूझॉंतॉं माल’. वेग जास्त असेल तर ‘प्ल्यू लॉंतमॉं, सिल वू प्ले’. नुसते ‘समजले नाही’ म्हटले की पलीकडचा माणूस वाक्य सोपे करून नव्या शब्दांत सांगू लागतो आणि जेवढे कळले होते तेही हातचे जाते. ‘ऐकू आले नाही’ म्हटले तर तो तेच वाक्य तसेच पुन्हा म्हणतो. म्हणून ‘ज ने पा बियॅं ऑंतॉंद्यू’, नीट ऐकू आले नाही, हे वाक्य मी पहिल्या महिन्यातच शिकवते.

बाई म्हणतात, ‘न किते पा.’ फोन ठेवू नका, थांबा. संगीत वाजते. मग त्या परत येतात : ‘इलेतॉं रॉंदेवू’, साहेब भेटीत आहेत. किंवा ‘इलेतॉं लीन्य’, दुसऱ्या फोनवर आहेत. ‘वू वुले लेसे अं मेसाज?’ निरोप ठेवायचा आहे का? वुई.

निरोपात नंबर द्यावा लागतो, आणि इथे फ्रेंच आकडे आडवे येतात. फ्रान्समध्ये 1996 पासून सगळे नंबर दहा अंकी आहेत आणि ते दोन-दोन अंकांच्या पाच जोड्यांत सांगतात. मोबाइल 06 किंवा 07 ने सुरू होतो. उदाहरणासाठी खराखुरा नंबर वापरायला नको. फ्रेंच दूरसंचार नियामकाने चित्रपट आणि मालिकांसाठी 06 39 98 ने सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत, त्यातलाच घेऊ : 06 39 98 76 92.

‘झेरो सिस’ सोपे. ‘त्रॉंत-नफ’, एकोणचाळीस, हेही सोपे. पुढे 98. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. तेव्हा 98 होतो ‘कात्र-वॅं-दिझुइत’, चार-वीस-अठरा. 76 म्हणजे ‘स्वासॉंत-सेझ’, साठ-सोळा. 92 म्हणजे ‘कात्र-वॅं-दूझ’, चार-वीस-बारा. सांगताना फार त्रास नाही, पाठ केला की झाले. त्रास ऐकताना होतो. ‘स्वासॉंत’ कानावर पडताच हात 6 लिहून मोकळा होतो, मग ‘सेझ’ येते आणि 6 खोडून 7 करावा लागतो. तेवढ्यात पुढची जोडी निघून गेलेली असते. मी मुलांना एक सवय लावते : स्वासॉंत किंवा कात्र-वॅं ऐकले की पेन उचलून धरायचे, जोडी पूर्ण ऐकायची, मगच दोन्ही अंक एकदम लिहायचे. भारतातला नंबर दिला तर देशाचा 91 हाच क्रमांक चार-वीस-अकरा होतो आणि कागदावर 80 11 असा उतरू शकतो. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमध्ये सत्तरला ‘सेप्तॉंत’ आणि नव्वदला ‘नोनॉंत’ म्हणतात, तिथे हा प्रश्न बराच सुटतो.

सेझ आणि त्रेझ, म्हणजे सोळा आणि तेरा, यांची फसवाफसवी वेगळी. फोनवर सुरुवात पुसट झाली की दोन्हींचा शेवट सारखाच. नंबरात 76 चा 73 होतो, आणि वेळेत तर याहून वाईट, कारण फ्रान्समध्ये कामाच्या वेळा चोवीस तासांच्या घड्याळाने सांगतात. बाई म्हणतात, साहेब घर दाखवतील ‘जदी आ सेझ अर’, गुरुवारी सोळा वाजता. मुलीने ‘त्रेझ अर’ ऐकले तर ती दुपारी एकला कुलूप लावलेल्या दाराशी उभी राहील. इथे तोच आकडा पुन्हा म्हणवून घेऊन भागत नाही, तो पुन्हा तसाच ऐकू येतो. दुसऱ्या रीतीने विचारायचे : ‘कात्र अर द लाप्रे-मिदी, से सा?’ दुपारचे चार, बरोबर? बाई म्हणतात, ‘से सा.’ नंबरासाठीही हीच युक्ती चालते. ‘स्वासॉंत-सेझ’वर शंका वाटली की ‘सेत, सिस’, सात सहा, असे सुटे अंक सांगावेत किंवा मागावेत.

यानंतर बाई म्हणतात, ‘से नोते’, लिहून घेतले. आपण ‘मेर्सी’, त्या ‘ज वूझॉं प्री’. मग ‘बॉन जूर्ने’, तुमचा दिवस चांगला जावो, आणि शेवटी दोघांचे ‘ओ रव्वार’. आपल्याकडे ‘बरं, ठेवते’ म्हणून फोन बंद करतात. तिथे हे दोन्ही शब्द होण्याआधी फोन बंद झाला तर तो तोंडावर ठेवल्यासारखा वाटतो.

माणसाऐवजी यंत्र बोलले तर उलट विचारायला कुणी नसते, म्हणून सगळी पडताळणी आपल्यालाच आधी करून ठेवावी लागते. ‘वूझेत बियॅं स्यूर ल रेपोंदर द...’ अशी सुरुवात आली की ते ध्वनिमुद्रण समजावे, आणि ‘आप्रे ल बिप सोनॉर’ म्हटले की शिट्टीनंतर बोलावे. अनोळखी नंबर न उचलण्याची सवय आता तिथेही वाढली आहे, त्यामुळे ही पाळी वारंवार येते. निरोप कागदावर लिहून वाचावा, त्यात कमीपणा काही नाही. मुलीचा निरोप असा होईल :

‘बोंजूर मस्यो. मादाम जगताप आ लापारेय. जी कॉम जोझेफ, आ, जे कॉम गास्तों, ते, आ, पे कॉम पिएर. ज वूझापेल ओ स्युजे द्यू स्त्युदिओ. ज स्वी दिस्पोनिब्ल जदी आप्रे-मिदी. वू पुवे म राप्ले ओ झेरो सिस, त्रॉंत-नफ, कात्र-वॅं-दिझुइत, स्वासॉंत-सेझ, कात्र-वॅं-दूझ. ज रेपेत...’

म्हणजे मी जगताप बोलते आहे, स्टुडिओ फ्लॅटच्या संदर्भात फोन केला होता, गुरुवारी दुपारी मोकळी आहे, या नंबरवर फोन करावा. ‘ज रेपेत’, पुन्हा सांगते, यानंतर नंबर दुसऱ्यांदा, पहिल्यापेक्षा हळू. दोन जोड्यांमध्ये एक श्वास घ्यावा. ऐकणारा पहिल्या वेळी पेन शोधत असतो आणि दुसऱ्या वेळी लिहितो. नंबर एकदाच सांगितला तर त्याला सगळा निरोप पहिल्यापासून ऐकावा लागतो, आणि घर मागणारे बरेच असतील तर तेवढे कष्ट तो घेईलच असे नाही. शेवटी ‘मेर्सी, बॉन जूर्ने, ओ रव्वार’ यंत्रालाही म्हणायचे.

उलट फोन आला तर ‘आलो?’ आपण म्हणायचे. पलीकडून ‘मादाम जाग्ताप?’ असे येईल. ज मऊ आणि दोन्ही आ लांब, पण नाव ओळखता येईल असे, कारण ते पडद्यावर बरोबर लिहिलेले आहे. त्यावर ‘वुई, से एल-मेम’, हो, मीच बोलते आहे. मुलगा असेल तर ‘से लुई-मेम’. मग बोंजूर मस्यो, आणि गुरुवारचे चार पुन्हा एकदा पक्के करून घ्यायचे.